अध्यक्षीय मनोगत नव्याने लिहिताना

इंदूरमधील आमच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल हिंदीत छापला जातो. अध्यक्षांचे मनोगत मात्र मराठीत असते आणि बहुतेक सभासद तेवढेच वाचतात. यंदा ते सुधारून देण्याचे काम संचालक मंडळाने माझ्याकडे सोपवले. मूळ मजकूर तीन पानांचा होता. दीपप्रज्वलन, आभार आणि 'आव्हानात्मक परिस्थितीतही घोडदौड' यांतून वाट काढत गेल्यावर तिसऱ्या पानावर लाभांश 10 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आल्याचे, तेही कारण न देता, कळत होते.

कारण ताळेबंदात होते. येणे कर्ज 6 कोटी आणि त्यातील थकीत कर्ज 54 लाख, म्हणजे 9 टक्के. आदल्या वर्षी हे प्रमाण 4 टक्के होते. त्यासाठी 18 लाखांची जादा तरतूद करावी लागल्याने 32 लाखांचा नफा 14 लाखांवर आला होता. मनोगतात याऐवजी 'वसुली 91 टक्के' असे लिहिले होते. ते तर सरळसरळ चूक होते, कारण वसुलीचे प्रमाण वर्षभरात वसूल व्हायच्या हप्त्यांवर काढतात, एकूण येणे कर्जावर नव्हे.

मी सुरुवात अशी केली: "यंदा 6 टक्के लाभांशाची शिफारस करीत आहोत, गेल्या वर्षी तो 10 टक्के होता. काही मोठी व्यवसाय कर्जे थकली, त्यांच्यासाठी नफ्यातून 18 लाख रुपये बाजूला ठेवावे लागले." 'शिफारस' हा शब्द मुद्दाम ठेवला, कारण लाभांश मंजूर करण्याचा अधिकार सभेचा असतो. थकबाकीदारांची नावे घातली नाहीत. जामीनदारांना नोटिसा गेल्याचे आणि पुढील मोठ्या कर्जांसाठी तारणाची अट कडक केल्याचे तेवढे लिहिले.

अध्यक्षांची हरकत रास्त होती. "लोक घाबरून ठेवी काढायला रांग लावतील," असे ते म्हणाले आणि 'आपल्या ठेवी शंभर टक्के सुरक्षित आहेत' हे जुने वाक्य ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. मी ते काढले. बँकेतील ठेवींना असणारे 5 लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नसते, त्यामुळे असे वचन अध्यक्षांच्या सहीने देणे धोक्याचे होते. त्याऐवजी संस्थेची किती रक्कम बँकांत मुदत ठेवीत आहे आणि राखीव निधी किती आहे, हे दोन आकडे लेखापरीक्षकांकडून तपासून घेऊन घातले. माझ्या मते धीर द्यायचा तो अशा आकड्यांनीच.

मग रामबागेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मजकूर मोठ्याने वाचायला दिला. 'अनुत्पादक जिंदगी'पाशी त्या अडल्या. तिथे 'तीन महिन्यांहून अधिक काळ हप्ता न आलेली कर्जे' असे केले.

छापताना मनोगत एका पानात बसले. आभारांचा एक परिच्छेद अध्यक्षांनी हट्टाने परत घालून घेतला. तो शेवटी असल्याने मीही ताणून धरले नाही.