कीमध्ये नसलेलं उत्तर

विद्यापीठाच्या पेपर तपासणीचा, म्हणजे कॅपचा, तिसरा दिवस. तोवर सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचे पेपर निम्म्याहून जास्त तपासून झाले होते, आणि माझ्याकडे मॉडरेशनचं काम होतं. म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेल्या गठ्ठ्यातून काही उत्तरपत्रिका काढायच्या, मधले गुण, वरचे गुण, काठावरचे नापास असे सगळे नमुने घ्यायचे, आणि मूळ परीक्षकाचं मोजमाप सरळ आहे का ते पाहायचं. त्यांचा पेन लाल, माझा हिरवा. बाहेरच्यांना वाटतं आम्ही उत्तरं वाचतो. खरं तर दिवसभर आम्ही उत्तर आणि उत्तरसूची यांच्यातलं अंतर मोजत असतो. सूचीला सगळे ‘की’ म्हणतात.

प्रश्न सहा गुणांचा होता. आर्किया, बॅक्टेरिया आणि युकॅरिओट या सजीवांच्या तीन मूळ गटांची तुलना करा: पटलातले मेद, पेशीभित्तिका, रायबोसोम. प्रत्येक मुद्द्याला दोन गुण. मुलं तीन रकान्यांचा तक्ता आखतात आणि पाठ केलेलं भरतात. त्या गठ्ठ्यात जवळजवळ प्रत्येकाने तोच तक्ता लिहिला होता: आर्कियाला ईथर बंध, बाकी दोघांना एस्टर. आर्कियाला स्यूडोम्युरीन, बॅक्टेरियाला पेप्टिडोग्लायकन, युकॅरिओटला सेल्युलोज, कायटिन किंवा काहीच नाही. रायबोसोम आर्किया आणि बॅक्टेरियाचा 70 एस, युकॅरिओटचा 80 एस. कीमध्येही नेमकं हेच होतं, आणि शेवटच्या ओळीपुढे ‘बॅक्टेरियासारखाच’ असा शेरा होता.

एका उत्तरपत्रिकेत त्या प्रश्नाला सहापैकी अडीच गुण दिसले. अक्षर स्वच्छ, तक्ता नाही, दीड पान सलग मजकूर. भित्तिकेच्या मुद्द्याला शून्य, रायबोसोमला अर्धा, मेदाला दोन. समासात लाल पेनाने लिहिलं होतं, ‘विषयांतर’.

मी वाचायला घेतलं आणि भित्तिकेच्या परिच्छेदातच थांबले. त्या विद्यार्थ्याने (किंवा विद्यार्थिनीने, बैठक क्रमांकावर चिकटपट्टी असते) लिहिलं होतं की स्यूडोम्युरीन फक्त काही मिथेन बनवणाऱ्या आर्कियात असतं, बहुतेक आर्कियाभोवती प्रथिनांचा एस-थर असतो आणि थर्मोप्लाझ्मासारख्यांना भित्तिकाच नसते. आणि पुढे: ‘हॅलोबॅक्टेरियमची वसाहत डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळली तर स्लाइडवर काहीच उरत नाही, कारण पेशी फुटतात.’

हे वाक्य कुठल्याही नोट्समधून आलेलं नव्हतं. हे हाताने करून पाहिलेल्या माणसाचं वाक्य होतं. आमच्याकडेही मिठागरातलं जाडं मीठ आणून 25 टक्के मिठाच्या माध्यमावर लावतात. आठवडा-दोन आठवड्यांनी लालसर वसाहती येतात, आणि दर वर्षी कोणीतरी सवयीने डिस्टिल्ड वॉटरचा थेंब घेऊन स्मिअर करतं. मग ग्रॅम रंजन होतं, सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी चिखल दिसतो, आणि मुलं म्हणतात, ‘मॅडम, कल्चर मेलं.’ कल्चर मेलेलं नसतं, आपण त्याला मारलेलं असतं. या पेशींच्या आत पोटॅशियम क्लोराइड इतकं दाट असतं की गोडं पाणी मिळताच ते आत घुसतं. बॅक्टेरियाला अशा वेळी पेप्टिडोग्लायकनची विणलेली जाळी आवळून धरते. इथे जाळी नाही. जो एस-थर आहे त्याच्या प्रथिनांवर ऋण भार गच्च भरलेला असतो, सोडियमने तो झाकलेला असेल तोवरच ती एकमेकांना धरून राहतात. मीठ गेलं की थर सुटतो आणि पेशी फुटते. म्हणून स्मिअर मिठाच्याच द्रावणात करायचा आणि दोन टक्के ॲसेटिक आम्लाने एकाच वेळी मीठ काढायचं आणि पेशी स्थिर करायच्या. ही युक्ती सात दशकं जुनी आहे, तरी कित्येक महाविद्यालयांच्या जर्नलमध्ये अजून आलेली नाही.

स्यूडोम्युरीनबद्दलही त्याने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं जिथे फरक मुळाचा आहे. बॅक्टेरियाच्या साखळीतली म्युरॅमिक आम्लाची जागा टॅलोसामिन्युरॉनिक आम्लाने घेतलेली, साखरांचा बंध बीटा 1,4 ऐवजी बीटा 1,3, आणि जोडणाऱ्या पेप्टाइडमध्ये डी-ॲमिनो आम्लं नाहीत. लायसोझाइम कापतं तो बंधच तिथे नाही, आणि पेनिसिलिन अडवतं ती डी-ॲलॅनिनची जोडणीही नाही. शेवटी एक ओळ: ‘त्यामुळे मिथॅनोबॅक्टेरियम ग्रॅम पॉझिटिव्ह दिसलं तरी ते बॅक्टेरिया नाही.’ या परिच्छेदाला शून्य.

मी मूळ परीक्षकांकडे गेले. वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत, मी त्यांना सरच म्हणते. त्यांनी गठ्ठ्यावरून नजर न उचलता विचारलं, ‘स्यूडोम्युरीन ही आर्कियाची भित्तिका, असं लिहिलंय का?’

‘नाही सर. काहींचीच, असं लिहिलंय. आणि ते बरोबर आहे.’

‘मॅडम, कीमध्ये आहे ते बघायचं. प्रत्येकाचं ज्ञान तपासायला बसलो तर जून उजाडेल.’

त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यांना दोषही देववत नाही. दिवसाला इतक्या उत्तरपत्रिका संपवायच्या असतात की नजर शब्द शोधते, वाक्य वाचत नाही. दोष की बनवणाऱ्यांचा आहे. ‘बहुतेक आर्कियात एस-थर’ हे वाक्य कीमध्ये नसणं म्हणजे अपवादाला नियम करणं.

रायबोसोमवर मात्र आमचं जरा वाजलं. त्याने 70 एस लिहिलं होतं, आणि पुढे: ‘पण यावरून आर्कियाचा रायबोसोम बॅक्टेरियासारखा आहे असं म्हणता येत नाही.’ सरांनी त्याच वाक्याखाली लाल रेघ मारली होती. कीच्या थेट विरुद्ध.

एस म्हणजे स्वेडबर्ग एकक. सेंट्रिफ्यूजमध्ये कण किती वेगाने तळाला जातो, एवढंच ते सांगतं. वजन आणि आकार दोन्हींवर ते ठरतं, म्हणूनच रायबोसोमचे 30 आणि 50 एसचे दोन उपघटक मिळून 80 न होता 70 होतात. दोन माणसांच्या चपलांचं माप एक निघालं म्हणून ती भावंडं ठरत नाहीत. आत पाहिलं तर नातं उलटं निघतं. रायबोसोमच्या प्रथिनांची तिन्ही गटांत तुलना झाली तेव्हा साधारण 34 प्रथिनकुटुंबं तिघांत समान निघाली, 33 फक्त आर्किया आणि युकॅरिओटमध्ये, आणि फक्त आर्किया व बॅक्टेरियात समान असं एकही नाही. एकही नाही! प्रथिननिर्मितीची सुरुवात आर्कियात साध्या मेथिओनिनने होते, बॅक्टेरियात फॉर्माइल मेथिओनिनने. विद्यार्थ्याने दिलेला पुरावा डिप्थीरियाच्या विषाचा होता. हे विष युकॅरिओटच्या ईएफ-2 या घटकावरच्या एका बदललेल्या हिस्टिडिनला धरून प्रथिननिर्मिती थांबवतं. तो बदललेला अवशेष आर्कियातही आहे, बॅक्टेरियात नाही. म्हणून ते विष आर्कियाच्या घटकालाही निकामी करतं.

सरांना मी आणखी एक उदाहरण दिलं. एरिथ्रोमायसिन बॅक्टेरियाच्या मोठ्या उपघटकात बसतं ते 23 एस आरएनएच्या 2058 व्या जागी ॲडेनिन असतं म्हणून. आर्किया आणि युकॅरिओटमध्ये तिथे ग्वानिन आहे. 2000 साली मोठ्या उपघटकाची जी अणुपातळीवरची रचना आली, ती मृत समुद्रातल्या हॅलोआर्क्युला या आर्कियाची होती. पुढे त्या स्फटिकात एरिथ्रोमायसिन नीट बसवून पाहायचं होतं, तेव्हा आधी त्या जागेचं ग्वानिन बदलून ॲडेनिन करावं लागलं. रायबोसोम बॅक्टेरियासारखाच असता तर ही खटपट लागलीच नसती.

सर गप्प ऐकत होते. मग म्हणाले, ‘हे खरं असेल. पण मी बाकी सगळ्यांना 70 एस, बॅक्टेरियासारखाच, यावर पूर्ण दोन दिलेत. त्यांचं काय करायचं?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुख्य परीक्षकांनी दुपारी की दुरुस्त केली: एस-थराला गुण द्यावेत, आणि रायबोसोमला ‘आकार बॅक्टेरियासारखा, प्रथिनं युकॅरिओटच्या जवळची’ असं लिहिल्यास पूर्ण गुण. ‘बॅक्टेरियासारखाच’ लिहिणाऱ्यांचे गुण कापायचे नाहीत, कारण त्यांना तसंच शिकवलं गेलं. तोवर तीन गठ्ठे गुणनोंदणीला गेले होते. त्यांत असं कोणी लिहिलं होतं का, ते आता कळणार नाही.

मी हिरव्या पेनाने भित्तिकेला दोन दिले, रायबोसोमला दोन. राहिला मेद. आर्कियात ग्लिसरॉलला आयसोप्रीनच्या, दर चार कार्बनला फांदी असलेल्या साखळ्या ईथर बंधाने जोडलेल्या, काहींत दोन्ही टोकं जोडली जाऊन पटल एकपदरी होतं, हे सगळं त्याने लिहिलं होतं. पण वाक्याचा शेवट होता, ‘ईथर बंध फक्त आर्कियात सापडतो.’ हे चूक आहे. थर्मोटोगा या बॅक्टेरियात ईथर मेद आहेत, आणि आपल्या हृदयाच्या व मेंदूच्या पेशींतल्या प्लाझ्मालोजेनमध्येही एक ईथर बंध असतोच. आर्कियाला खरोखर वेगळं काढते ती ग्लिसरॉलची बाजू: त्यांचा पाया ग्लिसरॉल-1-फॉस्फेट, बाकी दोघांचा ग्लिसरॉल-3-फॉस्फेट, एकमेकांची आरशातली प्रतिमा, आणि ते घडवणारी एन्झाइमंही एकमेकांच्या नात्यातली नाहीत. ते त्याने लिहिलं नव्हतं. मी अर्धा गुण कापला. एकूण साडेपाच.

घरी येताना गाडीत लक्षात आलं की कीमध्येही ‘ईथर बंध: फक्त आर्किया’ असंच लिहिलेलं आहे. दुपारी मी ती ओळ दुरुस्त करायला सुचवली नव्हती. म्हणजे बाकी सगळ्यांना ज्या ओळीवर पूर्ण दोन मिळाले, त्याच ओळीवर या एकाच उत्तरपत्रिकेचा अर्धा गुण मी कापला होता. तो इतकं जाणतो तर हेही जाणायला हवं होतं, असा काहीतरी हिशोब माझ्या मनात असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी कपाटापाशी उभी राहिले. गठ्ठा रात्रीच सीलबंद होऊन वर गेला होता.