एकाच पत्त्यावरचे दोन सेन्सर

सावद्याजवळ आमच्या काकांची केळी पिकवण्याची खोली आहे. दाराजवळ आणि मागच्या भिंतीशी तापमानात फरक पडतो का, हे पाहण्यासाठी मी तेथे तापमान व आर्द्रतेचे दोन एएचटी२० सेन्सर बसवले. आय२सी जोडणीच्या, म्हणजे माहितीची एसडीए व घड्याळाची एससीएल, या दोनच तारांवर दोघे जोडले होते. या सेन्सरचा पत्ता 0x38 हा कारखान्यातच ठरलेला असतो आणि तो बदलता येत नाही. पत्ते शोधणाऱ्या प्रोग्रामला एकच 0x38 दिसला, तेव्हा मला वाटले की एक सेन्सर मेलेला असावा.

पण खरे कोडे आकड्यांत होते. एकेकटा जोडल्यावर पुढचा १७ अंश आणि मागचा १८.५ अंश दाखवी. दोन्ही जोडले की आकडा १६.८ येई, म्हणजे दोघांहूनही थंड. या तारांवर कोणतेही उपकरण तार फक्त खाली ओढू शकते. वर नेण्याचे काम रोध करतो. त्यामुळे दोघे एकदम बोलू लागले की ज्या बिटवर एकाचाही शून्य असेल तेथे शून्यच उरतो, आणि मिळणारी संख्या दोघांपैकी लहान संख्येपेक्षा कधीच मोठी नसते. शेवटचा तपासणी बाइट मी आळसाने वाचत नव्हतो. वाचला असता तर ही गफलत पहिल्याच दिवशी कळण्याची शक्यता होती.

मग टीसीए९५४८ए हा आठ मार्गांचा मल्टिप्लेक्सर आणला. त्याचा स्वतःचा पत्ता 0x70 असतो, आणि त्याला पाठवलेल्या एका बाइटमधील प्रत्येक बिट एक मार्ग उघडतो.

```
void marg(uint8_t n) {
  Wire.beginTransmission(0x70);
  Wire.write(1 << n);
  Wire.endTransmission();
}
```

चिपला थेट 3 हा बाइट पाठवल्यास शून्य व एक हे दोन्ही मार्ग उघडतात आणि जुनेच भांडण पुन्हा सुरू होते, कारण ही चिप म्हणजे केवळ स्विच आहे, ती कोणाचेही बोलणे साठवून ठेवत नाही.

तरीही पहिल्या संध्याकाळी मागचा सेन्सर नीट वाचता येईना. मी `begin()` एकदाच, तेही शून्य मार्ग उघडा असताना बोलावले होते. दुसऱ्या सेन्सरपर्यंत सुरुवातीची आज्ञा पोहोचलीच नव्हती. प्रत्येक मार्ग निवडून त्याची वेगळी सुरुवात केल्यावर तो बोलू लागला.

एक गोष्ट विकत घेताना पाहावी: प्रत्येक मार्गाच्या दोन्ही तारांना स्वतःचे वर ओढणारे रोध लागतात. माझ्या सेन्सरच्या पट्ट्यांवर ते आधीच होते, म्हणून वेगळे लावावे लागले नाहीत. लांब वायरींचाही अनपेक्षित लाभ झाला, कारण एका वेळी एकच वायर जोडलेली असल्याने दोन्ही वायरींची धारकता एकत्र येत नाही.

आता दाराजवळ १७ आणि मागे १८.५ असे दोन्ही आकडे वेगवेगळे येतात, आणि काकांनी पंख्याचे तोंड मागच्या भिंतीकडे फिरवले आहे.