आमची वाटचाल : महिना तीस हजार आणि पाच जाहिराती

२०११ साली कर्वेनगरमध्ये दोन मिस्त्री आणि एक प्लंबर घेऊन आम्ही घरदुरुस्तीची कामे सुरू केली. पुढची दहा वर्षे बहुतेक कामे ओळखीतून मिळत गेली, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते २०२२ च्या पावसाळ्याविषयी, कारण त्या वर्षी भिशीतून पैसे उचलून मी मिस्त्र्यांची मजुरी दिली आणि ही वेळ गूगलवरच्या जाहिरातींची चुकीची वाटणी केल्यामुळे आली होती.

जीएसटी सोडून महिन्याला तीस हजार रुपये एवढीच आमची ऐपत होती. जाहिराती सांभाळणाऱ्या एका एजन्सीने बाथरूम, किचन, वॉटरप्रूफिंग, संपूर्ण फ्लॅट आणि आमचे स्वतःचे नाव अशा पाच मोहिमा उघडल्या आणि त्या सगळ्यांना मिळून एकच सामाईक बजेट ठेवले. जूनमध्ये पाऊस लागला, गळतीचे शोध वाढले आणि सकाळी अकराच्या आत दिवसाचे बहुतेक पैसे वॉटरप्रूफिंगवर संपू लागले. एजन्सीच्या अहवालात मात्र हीच मोहीम सर्वोत्तम ठरली होती, कारण तिची चौकशी अवघ्या ३५० रुपयांना पडत होती आणि बाथरूमची ९०० रुपयांना. फोन दिवसभर वाजत होता आणि मिस्त्री मात्र बसून होते.

शेवटी मी आमची जुनी वही काढली. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकापुढे ‘कुठून आले’ असा रकाना माझ्या पत्नीने पहिल्या वर्षापासून भरलेला आहे. वॉटरप्रूफिंगच्या दहा चौकशांतून एक काम ठरत होते, म्हणजे एका कामामागे जाहिरातीचा खर्च ३,५०० रुपये. काम वीस हजारांचे आणि त्यात नफा चार हजार. हातात उरत होते पाचशे. बाथरूमच्या सहा चौकशांतून एक काम ठरत होते, म्हणजे खर्च ५,४०० रुपये; पण काम दोन लाखांचे आणि नफा छत्तीस हजारांचा. संपूर्ण फ्लॅटचे एक काम मिळवायला तर महिन्याचे सगळे तीस हजार लागत होते, आणि चौकशी करणाऱ्यांपैकी निम्म्यांची इमारत पुनर्विकासाला निघालेली असे. चौकशीचा भाव पाहून बजेट वाटू नये, हे कुणी विचारले नसले तरी सांगून ठेवतो. तो भाव एजन्सीला सोयीचा असतो.

मग गूगलच्या जाहिरात खात्यातला Search lost IS (budget) हा रकाना उघडला. आमची जाहिरात दिसू शकली असती अशा शंभर शोधांपैकी किती वेळा ती केवळ पैसे संपल्यामुळे दिसली नाही, हे तो सांगतो. बाथरूमसाठी तिथे ७१ टक्के होते. शेजारचा Search lost IS (rank) हा रकाना क्रमवारीत मागे पडल्यामुळे जाहिरात किती वेळा दिसली नाही ते सांगतो. तो आकडा मोठा असता, तर तिथे पैसे वाढवून उपयोग झाला नसता. आधी जाहिरात, ती उघडते ते पान किंवा एका क्लिकसाठी लावलेली बोली सुधारावी लागली असती. आमचा तो आकडा लहान होता, म्हणून निर्णय सोपा झाला.

सामाईक बजेट मोडून बाथरूमला दिवसाला ६५० रुपये, किचनला २३५ आणि स्वतःच्या नावाला १०० दिले. उरलेल्या दोन मोहिमा बंद केल्या. किचनमध्ये ‘मॉड्युलर’ हा शब्द टाळला, कारण त्यावर मोठ्या ब्रँडांच्या बोलीपुढे आमचा निभाव लागत नाही. ‘ओटा बदलणे’ यासारखे शोध आम्हाला परवडतात. पहिल्याच शनिवारी बाथरूमवर जवळजवळ १,३०० रुपये गेले तेव्हा मी धाकट्या भावावर उगीच ओरडलो. गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते, मात्र महिन्याचे बिल दैनिक बजेटच्या ३०.४ पटींपुढे नेत नाही. आमचे ९८५ रुपये त्या हिशेबाने २९,९४४ होतात.

संपूर्ण फ्लॅटची मोहीम बंद करण्याचे धैर्य आले ते कोथरूडच्या एका काकूंमुळे. २०१९ मध्ये त्या गूगलवर शोधून एका बाथरूमसाठी आल्या, उतार नीट काढला की नाही हे बादलीभर पाणी ओतून त्यांनी स्वतः पाहिले, आणि दोन वर्षांनी सगळा फ्लॅट आमच्याकडे सोपवला. फ्लॅटची कामे आमच्याकडे बाथरूमच्या दारातूनच येतात, हे वहीत चार ठिकाणी लिहिलेले होते. मी वाचले नव्हते.

स्वतःच्या नावावरचे १०० रुपये अनेकांना वाया गेल्यासारखे वाटतात. या परिसरातला एक व्यावसायिक, जो पूर्वी आमच्याकडेच साइट पाहत असे, आमचे नाव शोधणाऱ्यांना स्वतःची जाहिरात दाखवतो. दुसऱ्याचे नाव शोधशब्द म्हणून वापरायला गूगलची हरकत नसते. सामाईक बजेट अकरा वाजता संपत असे त्या जूनमध्ये काकूंच्या बहिणीने दुपारी आमचे नाव शोधले, सर्वांत वर त्याची जाहिरात पाहिली आणि आम्हीच समजून त्याला फोन केला. तिचे बाथरूम त्याने केले. आमच्या नावावरचा क्लिक सहा-सात रुपयांना मिळतो आणि शंभर रुपये क्वचितच पूर्ण संपतात, तरीही ती रक्कम मी कमी केलेली नाही.