उजवा पाय उचलताना डावी टाच

बाह्यरुग्ण विभागात त्या बाईंना चाकाच्या खुर्चीवरून आणले, तेव्हा त्यांच्या पतींनी जाडजूड फाइल टेबलावर ठेवून पहिलेच वाक्य उच्चारले, "डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण हिचा डावा पाय उचलत नाही." मेंदूचा आणि पाठीचा एमआरआय झाला होता, नसांची तपासणीही झाली होती. आधीच्या एका ठिकाणी त्यांना "तुम्हाला काहीही झालेले नाही" असे सांगून परत पाठवले होते. बाईंची नजर जमिनीवर होती.

मी फाइल बाजूला ठेवली, कारण या आजाराचे निदान तीत सापडत नाही. एमआरआय नॉर्मल येणे याचा अर्थ एवढाच, की एमआरआयमध्ये दिसणारे आजार नाहीत. कन्व्हर्जन, म्हणजेच नसा आणि स्नायू शाबूत असूनही अवयव न हलण्याचा फंक्शनल अशक्तपणा, ठरवायचा असेल तर शरीरावर त्याची स्वतःची खूण शोधावी लागते. त्यांना चालायला सांगितले, तेव्हा त्या डावा पाय संपूर्ण मागे ओढत होत्या आणि चवडा फरशीवरून घासत येत होता. अर्धांगवायूचा रुग्ण सहसा असा चालत नाही. तो ताठ पाय बाजूने अर्धवर्तुळात फिरवून पुढे टाकतो. हातोडीने पाहिलेले रिफ्लेक्स दोन्ही बाजूंना सारखे होते.

मग त्यांना उताणे झोपवून मी डाव्या टाचेखाली हात ठेवला आणि टाच खाली दाबायला सांगितली. त्या दात आवळून प्रयत्न करत होत्या, तरी माझ्या तळहातावर जेमतेम भार आला. हात तिथेच ठेवून मी म्हटले, "ताई, आता डावा पाय विसरा, उजवा पाय सरळ वर उचला, मी तो अडवतो." उजवा पाय उचलला जाताच डावी टाच माझ्या हातावर इतक्या जोरात रुतली, की हात काढून घेणे अवघड झाले. एक पाय उचलताना दुसऱ्या पायाने आपोआप खाली रेटा देणे ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे, आणि अमेरिकन डॉक्टर चार्ल्स हूव्हर यांनी 1908 मध्ये वर्णन केलेली ही खूण तिच्यावरच उभी आहे. तीव्र दुखणे असेल किंवा मेंदूच्या इजेमुळे एका बाजूचे भानच हरपले असेल, तर ती फसवू शकते, म्हणून मी चालणे आणि रिफ्लेक्स यांच्याशी ती ताडून पाहिली.

काही डॉक्टर ही खूण रुग्णापासून लपवतात, जणू चोरी पकडली आहे. मला ते मुळीच मान्य नाही. मी बाईंना बसवून त्यांचाच हात डाव्या मांडीखाली ठेवायला लावला आणि तीच तपासणी पुन्हा केली. मांडीचा रेटा स्वतःच्या हाताला जाणवल्यावर त्या थबकल्या. मी सांगितले, "तुमच्या पायाच्या नसा आणि स्नायू शाबूत आहेत. मेंदूकडून पायाला जाणारा हुकूम, तुम्ही लक्ष देऊन दिलात की अडतो. लक्ष दुसरीकडे असले की पोचतो. याला फंक्शनल अशक्तपणा म्हणतात, तो आम्हाला नेहमी दिसतो आणि तो बरा होऊ शकतो."

पतींनी विचारले, "म्हणजे ही मुद्दाम करते का?" प्रश्न रास्त होता, कारण ही खूण एकटी सोंग आणि आजार यांत फरक करू शकत नाही. तो फरक हकिकतीतून कळतो. बाई घरी कोणी नसतानाही पाय ओढतच चालत होत्या, त्यामुळे दोनदा पडल्या होत्या, आणि त्यांना लवकरात लवकर कामावर परतायचे होते. मी "नाही" असे स्पष्ट सांगितले.

"मग टेन्शनमुळे?" हा पुढचा प्रश्न बाईंनीच विचारला. सुरुवात झाली होती ती पायरीवरून घसरून गुडघा दुखावण्याने. दुखरा पाय जपता जपता तो हलेनासा झाला. मानसिक ताण काहींमध्ये असतो, काहींमध्ये नसतो, आणि मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या 2013 च्या डीएसएम-5 या अमेरिकन ग्रंथामध्ये या निदानासाठी ताण सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली आहे. म्हणून मी घरातल्या भांडणांची उलटतपासणी घेतली नाही. त्यांना लक्षणाविषयीची अतोनात, सतत पोखरणारी काळजीही नव्हती. ती असती तर मी सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डरचा विचार केला असता, जिथे उपचाराचा रोख त्या काळजीवर असतो.

फिजिओथेरपिस्टना लिहिलेल्या चिठ्ठीत मी पायाला वजन बांधून ताकद वाढवण्याचे व्यायाम नकोत, असे नमूद केले, कारण त्यांनी सगळे लक्ष पुन्हा पायावर येते. त्याऐवजी मागे चालणे, बाजूला सरकणे, बोलत बोलत पाऊल टाकणे सुचवले. कुबड्या शक्यतो टाळायला सांगितल्या. मागे चालताना बाईंचा पाय त्याच दिवशी फरशीवरून थोडा सुटला. पुढच्या भेटींत चाल सुधारत गेली, थकल्यावर मात्र पाय अजून ओढला जाई. प्रत्येक भेटीत मी रिफ्लेक्स नव्याने तपासत राहिलो, कारण फंक्शनल आजार असलेल्या माणसाला नसांचा दुसरा आजारही होऊ शकतो.