वल्ह्याचं गाणं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवल्या संगीताच्या बाई आणि त्यांनी आमच्याकडून बसवून घेतलेलं रापणीचं गाणं. रापण म्हणजे होडीतून समुद्रात सोडून किनाऱ्यावरून ओढून घ्यायचं मासेमारीचं मोठं जाळं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं मालवणच्या किनाऱ्यावरच्या रापणकरांच्या घरची. ते गाणं आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो होतो. पण ते कशावर उभं आहे, हे बाईंनी विचारीपर्यंत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

स्नेहसंमेलनासाठी त्या वर्षी कोळीगीत ठरलं. पेटी-तबल्यावर तालीम सुरू झाली. तबला उडत्या चालीत, मुलं ठेक्यात हात हलवून वल्हवल्यासारखं करणार, असा बेत होता. बाईंनी माझ्या आजोबांना तालीम बघायला बोलावलं. आजोबा उमेदीच्या वयात रापणीच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके होते. गाणं संपेपर्यंत ते गप्प बसून राहिले आणि मग म्हणाले, "गाणा बरा आसा, पन ह्या नाचाचा. ह्येच्यार होडी चलाची नाय."

बाईंनी वही काढली. "मग ताल किती ठेवू?" त्यावर आजोबा म्हणाले, "माका काय इचारतास बाई, वल्ह्याक इचारा."

बाईंनी ते शब्दशः घेतलं. रविवारी सकाळी त्या आम्हाला घेऊन किनाऱ्यावर आल्या आणि रापणीची होडी जाळं घेऊन निघाली तेव्हा घड्याळ धरून उभ्या राहिल्या. जाळ्याच्या वजनानं होडी पाण्यात चांगली बसलेली होती. वल्ही मिनिटाला साधारण 20 वेळा पडत होती, म्हणजे एका फेरीला तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत पाण्यातली ओढ जेमतेम एका सेकंदाची, आणि उरलेली दोन सेकंदं वल्हं पाण्याबाहेर, परत पुढे नेण्यात जात. एक भाग जोर आणि दोन भाग उसंत. तबल्यावर आम्ही दोन्ही भाग सारखे केले होते, त्यामुळे वल्हं पुढे नेऊन पुन्हा पाण्यात घालायला वेळच उरत नव्हता. खऱ्या होडीत असं केलं तर पुढच्याचं वल्हं मागच्याच्या वल्ह्यावर आपटतं.

मग गाण्याची वाटणी आपोआप उलगडली. ओळ सांगणारा तांडेल मागे सुकाणूपाशी असतो. तो वल्हं मारत नाही, म्हणून त्याच्याकडे गायला दम असतो. वल्हं मारणाऱ्यांच्या वाट्याला एकच शब्द येतो, 'हैसा'. तांडेलाची ओळ उसंतीत आणि 'हैसा' ओढीवर. 'है' म्हणताना पातं पाण्यात शिरतं, 'सा' म्हणताना वल्हं छातीशी येतं आणि श्वास सुटतो. जोर लावताना माणूस श्वास धरतो, त्याच्याकडून लांब शब्द निघत नाही. म्हणून प्रतिसाद कायम आखूड.

बाईंनी एक ओळ फळ्यावर लिहून ती आमच्यासमोर सोडवली.

भरती इली रे… हैसा!
वारो पडलो रे… हैसा!

ओळीत सहाच अक्षरं. दोन सेकंदांत ती आरामात बसतात आणि तरी शेवटचा 'रे' मोकळा राहतो. तो 'रे' किती लांबवायचा हे आधी ठरलेलं नसतं. होडी लाटेवर चढली की एका बाजूची वल्ही पाण्याला टेकतच नाहीत. अशा वेळी तांडेल 'रे' धरून ठेवतो, सगळी पाती पाण्याजवळ आली की सोडतो आणि 'हैसा' पडतो. शांत खाडीत तोच 'रे' तोकडा होतो. आजोबा गाताना माणसांच्या तोंडाकडे कधी बघत नसत, त्यांची नजर पात्यांवर असे. नवा तांडेल घाईनं 'रे' सोडतो तेव्हा होडीतून लगेच कळतं. कुणाचं तरी वल्हं पाण्यावरून नुसतं खरवडून जातं, तो माणूस मागे कलंडतो आणि होडीचं नाक बाजूला वळतं.

मला त्या गाण्यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो तो हाच. ताल ठाम आहे, पण एक अक्षर सैल ठेवलेलं आहे आणि समुद्राची सगळी अडीनडी त्या एका अक्षरात मावते.

होडी अर्धवर्तुळ करून जाळं सोडत किनाऱ्याला परत लागली की वल्ही आत येतात आणि गाणं पायउतार होऊन वाळूवर येतं. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर दोन टोळ्या धरतात. इथेही 'हैसा'च, पण ओळ लांबते आणि दोन हाकांमधलं अंतर कमीजास्त होऊ लागतं, कारण आता हुकूम लाटेचा असतो. लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा जाळं तिच्याबरोबर पुढे सरकतं आणि दोर किंचित ढिला पडतो, ओढ तेव्हाच घ्यायची. पाणी परत फिरताना सगळा भार उलटा येतो, तेव्हा टाचा वाळूत रोवून फक्त धरून राहायचं. त्या धरून राहण्यात सांगणारा आपली हाक लांबवत नेतो आणि पुढची लाट फुटली की 'हैसा' देतो. परतीच्या पाण्यात कुणी ओढलं, तर तळहात सोलून निघतात आणि दोर इंचभर सरकत नाही.

हाकेचा आवाज चढला म्हणून हिसका द्यायचा नसतो, हेही आजोबांनी तिथेच दाखवलं. रापणीच्या जाळ्याची वरची कड तरंगत्या लाकडांनी पाण्यावर राहते आणि खालची कड वजनांनी तळाला टेकलेली असते. हिसका बसला की खालची कड उचलली जाते आणि मासळी तिच्याखालून निघून जाते. म्हणून ओढीच्या 'हैसा'तला 'सा' होडीतल्यापेक्षा लांब, पाय मागे पडेपर्यंत टिकणारा. शिवाय दोन्ही टोळ्यांची ओढ बरोबरीची हवी. सुरुवातीला त्या एकमेकींपासून इतक्या लांब असतात की प्रत्येकीचा सांगणारा वेगळा. तरंगत्या लाकडांची रांग एका अंगाला झुकलेली दिसली की पुढे गेलेली टोळी थांबते, दुसरीला हाका वाढवायला लावते. ओढता ओढता त्या जवळ सरकत येतात आणि शेवटच्या टप्प्यात दोन गाण्यांचं एक होतं. लहानपणी त्या क्षणी अंगावर काटा यायचा, आजही येतो.

स्नेहसंमेलनात बाईंनी पेटी-तबला उतरवला. आम्ही बाकांवर मागेपुढे बसलो, हातात बांबू, तांडेलाच्या जागी सर्वांत दमदार गळ्याचा मुलगा. गाणं तालमीतल्यापेक्षा खूप संथ झालं. पालकांमधले रापणकर दुसऱ्या ओळीपासून खालून 'हैसा' द्यायला लागले, तेही नेमके ओढीवर.

होडीला इंजिन आलं तशी वल्ह्याची बाजू गाण्यातून गळत गेली. पोरांच्या कानावर आज फक्त वाळूवरची हाक पडते, आणि तीही जिथे रापण अजून ओढली जाते तिथेच. म्हणून महोत्सवात हे गाणं बसवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ठेका वाजवू नका. मुलांना काठ्या धरून बसवा, एक भाग ओढ आणि दोन भाग उसंत एवढं अंगात मुरू द्या. सांगणाऱ्याला सगळ्यांचे हात दिसतील असं, त्यांच्याकडे तोंड करून मागे बसवा. आणि 'रे' किती लांबवायचा ते त्याचं त्याला ठरवू द्या.