नोटिशीचे नव्वद दिवस

इंटर्नशिप संपली, आयकार्ड जमा केलं आणि ऑफर लेटर हातात आलं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आईने एवढंच विचारलं, "हातात किती येणार गं?" तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आकडा सहा लाखांचा आहे, वर्षाचा. त्यातले साठ हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षअखेरीस मिळाले तर मिळाले. बेसिक महिना पंचवीस हजार. कंपनीने भरायचा पीएफ त्याच्या १२ टक्के, म्हणजे वर्षाला छत्तीस हजार, तोही याच सहा लाखांत धरलाय. ग्रॅच्युइटीचे चौदा हजार चारशे तीस पण यातच. हे सगळं वजा केलं की महिन्याला चाळीस हजार आठशेच्या आसपास राहतात. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ तीन हजार आणि प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे गेले की साडेसदतीस हजार. आईला तेवढेच सांगितले. ती म्हणाली, चांगले आहेत की. चांगलेच आहेत. बाबांच्या बाबतीत जे चाललंय ते बघता फारच चांगले आहेत.

आणि पवईला आयआयटीत एमटेकची सीट समोर आहे. टीए म्हणून गेले तर महिना १२,४०० रुपये, बदल्यात आठवड्याला आठ तास लॅब घ्यायची किंवा पेपर तपासायचे. दोन वर्षं. महिन्याला पंचवीस हजारांचा फरक, दोन वर्षांत सहा लाख. हे सहा लाख घरातून कोणी काढून नेतंय असंच वाटत राहतं, आणि काढून नेणारी मी. इतकी वर्षं अभ्यास केला तो मनासारखं काही निवडता यावं म्हणून, आणि आता निवडायची वेळ आली तर घराचा हिशोब मांडून बसलेय. मधुराला असला हिशोब करावा लागला नाही. असो.

दादाचं म्हणणं, आधी नोकरी धर, एमटेक पुढच्या वर्षी. बोलायला सोपं आहे, पण अगदीच चुकीचं नाही. एमटेकची प्रवेशपरीक्षा गेट, तिचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो, म्हणजे पुन्हा परीक्षेला न बसता पुढच्या वर्षी अर्ज करता येतो. (सरकारी कंपन्यांची गोष्ट वेगळी, त्या बहुतेक त्याच वर्षीचा स्कोअर मागतात.) सीट मात्र राखून ठेवत नाहीत. आयआयटींच्या एमटेकच्या ऑफर जिथे येतात त्या कोॲपच्या पोर्टलवर आज Reject and Wait दाबलं की ही सीट गेली. पुढच्या वर्षी माझा स्कोअर तोच राहणार, कटऑफ कुठे जाईल ते तेव्हाचे अर्ज ठरवणार.

हे धरूनही दादाचं पटत होतं. मग लेटरचं शेवटून दुसरं पान पुन्हा वाचलं. प्रोबेशन सहा महिने, तोवर नोटीस तीस दिवसांची. कन्फर्म झाल्यावर नव्वद. जुलैत रुजू झाले तर जानेवारीत कन्फर्म. पुढच्या जुलैअखेर पवईला हजर व्हायचं तर राजीनामा एप्रिलच्या शेवटी द्यायला हवा, आणि कोॲपच्या फेऱ्या सुरू होतात मे महिन्यात. म्हणजे सीट मिळणार की नाही हे कळायच्या आधीच नोकरी सोडायची. पहिल्याच फेरीत नंबर लागला तरी नव्वद दिवस भरत नाहीत. शेवटच्या फेरीत लागला तर बोलायलाच नको.

पळवाट एकच, नोटिशीचे पैसे भरून सुटायचं. लेटरमध्ये "नोटिशीऐवजी पगार" एवढंच लिहिलंय. पगार म्हणजे कोणता? बेसिक धरला तर तीन महिन्यांचे पंचाहत्तर हजार. ग्रॉस धरला तर एक लाख बावीस हजार. शिवाय अशी सूट द्यायची की नाही हे कंपनीने ठरवायचं असेल, तर पैसे तयार ठेवूनही रिलीव्हिंग लेटर अडू शकतं.

हे वाचून आधी रडूच आलं. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. इतके दिवस मला भीती होती ती पगाराची चटक लागेल आणि पुस्तकं पुन्हा उघडणार नाहीत याची. ती भीती अजून आहे. पण तिचं काय करायचं ते मला माहीत नाही, या कलमाचं काय करायचं ते माहीत आहे. सही व्हायच्या आधी ते बदलून मागता येतं, नंतर कोण ऐकणार.

एचआरच्या मॅडमना मेल लिहिलाय. तीन गोष्टी विचारल्यात: नोटिशीचा हिशोब बेसिकवर की ग्रॉसवर, उच्च शिक्षणासाठी सोडलं तर नोटीस तीस दिवसांवर आणता येईल का, आणि पैसे भरले तर सोडणं बंधनकारक आहे का. उत्तर मेलवरच मागितलंय, फोनवर नको. लेखी तीस दिवस मिळाले तर नोकरी घेईन. नव्वदच ठेवले तर पवई, आणि आईशी पैशांचं मी बोलेन.

कोॲपचं उत्तर द्यायची मुदतही याच आठवड्यात संपतेय, म्हणून मेल आत्ताच पाठवतेय.