पावणेदहाचा मर्ज

आमचं सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांवर चालतं. शेतकऱ्याने दूध घातलं की लिटर, फॅट, दर अशी एक पावती बनते आणि दर दहा दिवसांनी त्या पावत्यांवरून बिल निघतं. म्हणून रिलीज पहाटे 5 ला असतो. सहापर्यंत केंद्रांवर रांगा लागतात, त्यानंतर आम्ही कशाला हात लावत नाही.

10 तारखेला रिलीज होता. आदल्या रात्री पावणेदहाला, मी कोथरूडला घरी ताक घुसळत असताना, ग्रुपवर मेसेज आला. कस्टमर सांभाळणारे आमचे सर लिहीत होते, 'एवढा एक पीआर उद्याच्या रिलीजमध्ये घ्या ना. 11 ला बिलं आहेत, सभासद क्रमांकाने पावत्या शोधायला फार वेळ लागतो म्हणून दूध संघाचे लोक ओरडतायत. टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत.'

तक्रार खरी होती. पीआर उघडला तर 14 फाइली. कामाची ओळ एकच:

```sql
CREATE INDEX idx_slips_member ON milk_slips (member_code);
```

बाकीच्या फाइलींत आमच्या टीममधल्या एका मुलाने रिपोर्टचा कोड नीटनेटका करून घेतला होता. तो करताना दराच्या राउंडिंगचं फंक्शनही हलवलं होतं. पैशांचं राउंडिंग, आणि बिलांच्या आदल्या दिवशी! बिलं चुकीची गेली तर कोड मागे घेता येतो, वाटलेले पैसे नाहीत.

इंडेक्सची अडचण वेगळी होती. पोस्टग्रेसमध्ये असा साधा इंडेक्स बनत असताना टेबल वाचता येतं, पण त्यात नवीन ओळ लिहिता येत नाही. स्टेजिंगवर 40 हजार पावत्या, तिथे काम क्षणात झालं, म्हणून टेस्ट हिरव्या. प्रॉडक्शनवर जवळपास 3 कोटी. तेवढ्याच टेबलवर मागच्या वेळी 7 मिनिटं लागली होती. म्हणजे पाच ते सहाच्या मध्ये हिशेबाने बसत होतं. फक्त मध्ये काही अडकायला नको होतं.

पहिला मेसेज मी लिहिला तो असा: 'आत्ता? रात्री दहाला?' तो पुसला. सरांना संघाच्या लोकांसमोर काहीतरी ठेवायचं होतं. नुसतं 'नाही' घेऊन त्यांनी करायचं काय? मग हा पाठवला:

'सर, मागणी योग्य आहे आणि 11 च्या आधी शोध वेगात चालेल असं बघते. फक्त हा पीआर पहाटेच्या रिलीजमध्ये नको. इंडेक्स बनेपर्यंत पावत्या लिहिणं थांबतं आणि काही अडकलं तर सहाची रांग सापडेल. वेग इंडेक्सने येणार आहे, बाकीच्या कोडने नाही. म्हणून उद्या दुपारी 12 ला, संकलन बंद असताना, मी फक्त इंडेक्स, लिखाण न थांबवता, बनवते. राउंडिंगचा भाग बिलं झाल्यावर, जुन्या बिलांशी ताडून पुढच्या रिलीजमध्ये घेऊ. संघाला "उद्या संध्याकाळपर्यंत" असं सांगायला हरकत नाही. चालेल का?'

दहा मिनिटं दोन निळ्या टिका, उत्तर नाही. मग, 'चालेल. पण संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ हं.' त्या मुलाला मी वेगळा फोन केला. ग्रुपवर आपलं काम परत गेलं की रात्रभर झोप लागत नाही, हे मला माहीत आहे.

पहाटेचा रिलीज सरळ झाला. दुपारी ऑफिसात बसून हाताने चालवलं:

```sql
CREATE INDEX CONCURRENTLY idx_slips_member
  ON milk_slips (member_code);
```

हाताने अशासाठी, की ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि आमचं मायग्रेशनचं टूल सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतं. अर्धवट तुटली तर निकामी इंडेक्स मागे राहतो, तो काढून पुन्हा बनवावा लागतो.

वीस मिनिटं झाली तरी काही हलेना. ही कमांड टेबलवर आधीपासून लिहीत बसलेले व्यवहार संपायची वाट बघते, म्हणून `pg_stat_activity` बघितलं. एक ओळ `idle in transaction`. सपोर्टच्या एकाने ऑफिसातल्या मशीनवरून एक पावती दुरुस्त केली होती आणि कमिट न करता खिडकी तशीच सोडली होती. त्याला हाक मारली, तो डबा सोडून आला, तपासून कमिट केलं. लगेच माझी कमांड पुढे सरकली आणि साधारण पाव तासाने इंडेक्स तयार झाला. सभासदाच्या पावत्या टिचकीसरशी यायला लागल्या. सरांना कळवलं तेव्हा एक वाजत होता.

निघताना ती ओळ पुन्हा डोळ्यांपुढे आली, कारण तिची वेळ मी आधी नीट वाचलीच नव्हती. त्याचा व्यवहार आदल्या संध्याकाळी 7:12 ला सुरू झाला होता. म्हणजे पहाटे पाचला साधा इंडेक्स त्याच खिडकीमागे थांबला असता, आणि सहाची प्रत्येक नवी पावती त्या इंडेक्सच्या मागे. खिडकीचा मालक दहाला ऑफिसला येतो.